जोडीदाराच्या व्हिसासाठी चॅटचा पुरावा: कोणती पानं निवडायची, कशी मांडायची?

लग्नाचं प्रमाणपत्र, फोटो, तिकिटं हे सगळं जमलं की शेवटी प्रश्न उरतो तो फोनमधल्या हजारो संदेशांचा. त्यातलं काय द्यायचं, किती द्यायचं, मराठीत आहे त्याचं काय करायचं? खाली हेच प्रश्न घेतले आहेत. उदाहरणासाठी कॅनडाचा अर्ज धरला आहे, कारण तिथे पानांची मर्यादा आहे आणि त्यामुळे निवड करावीच लागते. निवडीची रीत इतर देशांच्या अर्जांनाही लागू पडते. नियम मात्र बदलत असतात, म्हणून अर्ज भरताना त्या देशाची ताजी यादी समोर ठेवा.

चॅट द्यावीच लागते का? लग्नाचं प्रमाणपत्र पुरेसं नाही का?

प्रमाणपत्रावरून लग्न कायदेशीर झालं एवढंच कळतं. अधिकाऱ्याला त्यापुढचं तपासायचं असतं. कॅनडाच्या नियमावलीतल्या कलम ४ मध्ये दोन वेगळ्या कसोट्या आहेत. नातं आज खरं आहे का, ही एक. लग्न मुख्यतः तिथे राहण्याचा हक्क मिळवण्यासाठी केलं होतं का, ही दुसरी. दोन्हींपैकी एका कसोटीवर जरी अर्ज अडला तरी नकार येऊ शकतो.

चॅट निवडताना हे दोन प्रश्न डोक्यात ठेवले की बरंच काम सोपं होतं. लग्नाआधीच्या गप्पांतून दिसतं की हा निर्णय कसा झाला, एकमेकांना किती ओळखत होता, लग्नाचा विषय कधी आणि कोणी काढला. लग्नानंतरच्या गप्पांतून दिसतं की लांब राहूनही रोजचं आयुष्य एकत्र चालू आहे. बरेच जण फक्त लग्नाच्या आसपासचे गोड संदेश देतात. त्यात पहिल्या प्रश्नाचंही पूर्ण उत्तर नसतं आणि दुसऱ्याचंही.

किती पानं द्यायची?

कॅनडात जोडीदारासाठीच्या IMM 5533 या कागदपत्रांच्या यादीत पत्रं, मेसेज, ईमेल वगैरे संपर्काच्या पुराव्यासाठी जास्तीत जास्त १० पानं आणि फोटोंसाठी जास्तीत जास्त २० ही मर्यादा दिलेली आहे. इतर देशांत अशी अट नसली तरी तीनशे पानांचा गठ्ठा देऊ नका. अधिकारी तो पूर्ण वाचत नाही. चाळताना त्याची नजर कोणत्या पानावर थांबेल हे तुमच्या हातात राहत नाही. तुम्ही निवडलेली दहा-पंधरा पानं तो वाचेल, अशी शक्यता बरीच जास्त असते.

सुरुवात कुठून करायची? स्क्रीनशॉट काढायला घेऊ का?

थांबा, आधी पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा. व्हॉट्सॲपमध्ये, अँड्रॉइडवर चॅट उघडून तीन ठिपके, मग More, मग Export chat. आयफोनवर चॅटच्या वरच्या नावावर टॅप करून खाली Export chat. फोटो-व्हिडिओ न जोडता घ्या, म्हणजे साधी मजकुराची फाइल मिळते. तिची एक प्रत जशीच्या तशी बाजूला ठेवा. तिला हातही लावू नका. काम दुसऱ्या प्रतीवर करा.

या फाइलचा पहिला उपयोग पुरावा म्हणून नाहीच. पहिला उपयोग फॉर्म बरोबर भरण्यासाठी. ओळख कधी झाली, प्रत्यक्ष पहिल्यांदा कधी भेटलात, लग्नाचं कधी ठरलं, कोण कुणाकडे किती दिवस राहिलं हे सगळं IMM 5532 या फॉर्ममध्ये विचारतात, आणि बहुतेक जण ते आठवणीने लिहितात. आठवण दगा देते. फॉर्मवर पहिली भेट १२ नोव्हेंबर लिहायची आणि जोडलेल्या चॅटमध्ये १० तारखेला "काल भेटून बरं वाटलं" असं असायचं, ही विसंगती तुम्ही स्वतःच अधिकाऱ्याच्या हातात दिलेली असते. फाइलमध्ये शब्द शोधता येतात. "विमानतळ", "तिकीट", "पोचलो", आई-वडिलांची नावं हे शोधा, तारखा एका वहीत लिहा, मग फॉर्म भरा आणि त्यानंतरच स्क्रीनशॉटकडे वळा.

एक्स्पोर्टमध्ये सगळे जुने संदेश का दिसत नाहीत?

व्हॉट्सॲपच्या एक्स्पोर्टला मर्यादा आहे. फोटो-व्हिडिओ न जोडता सुमारे ४०,००० संदेश आणि जोडून १०,००० संदेश, तेही सर्वांत अलीकडचे. तीन वर्षं रोज बोलणाऱ्या जोडप्याचे संदेश सहज याच्या वर जातात आणि नेमका ओळखीचा पहिला काळ फाइलमध्ये येत नाही. तो चॅटमध्ये मागे जाऊन शोधावा लागतो. चॅटच्या शोधात कॅलेंडरचं चिन्ह असतं, त्यावरून थेट त्या तारखेला जाता येतं.

एक्स्पोर्टचा पर्यायच चालत नसेल तर दोघांपैकी कुणी त्या चॅटसाठी प्रायव्हसीची वाढीव सेटिंग चालू केली आहे का ते पाहा. ती चालू असताना एक्स्पोर्ट होत नाही. आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असतील तर आजच बंद करा. गेलेले परत येत नाहीत, पण पुढचे तरी राहतील.

स्क्रीनशॉट द्यायचे की एक्स्पोर्टची फाइल?

दहा पानांच्या अर्जासाठी स्क्रीनशॉट. मजकुराची फाइल कुणीही बदलू शकतो हे अधिकाऱ्यालाही माहीत असतं. शिवाय तिच्यात फक्त सेव्ह केलेलं नाव येतं, नंबर येत नाही. एक ओळ बघा:

```
03/04/22, 9:42 pm - Pillu: pochlis ka ghari?
```

या एका ओळीत तीन अडचणी आहेत. ही ३ एप्रिल की ४ मार्च? फोनच्या सेटिंगनुसार क्रम बदलतो, आणि वाचणाऱ्याला तुमची सेटिंग माहीत नसते. "पिल्लू" म्हणजे अर्जदारच, याचा पुरावा काय? आणि मजकूर रोमन लिपीत असला तरी भाषा मराठीच आहे, म्हणजे त्याचं भाषांतर लागणार.

स्क्रीनशॉटनेही खोटेपणा अशक्य होत नाही, पण त्यात वर नाव असतं, मध्ये तारखेची पट्टी असते, संवादाची लय दिसते. प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये ती तारखेची पट्टी आलीच पाहिजे. अगदी ताज्या संदेशांवर तारखेऐवजी Today, Yesterday किंवा वाराचं नाव येतं. असा स्क्रीनशॉट सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. आठवडाभर थांबून काढला की पूर्ण तारीख येते.

नाव लाडाचं सेव्ह केलंय. बदलू का?

बदललंत तर तो गुन्हा नाही. तरीही मी म्हणेन, राहू द्या. वर्षानुवर्षं "पिल्लू" असलेलं नाव अर्जाच्या आदल्या दिवशी पासपोर्टवरच्या पूर्ण नावात बदललेलं स्क्रीनशॉटमध्ये विचित्र दिसतं. त्यापेक्षा त्या संपर्काचं माहितीचं पान उघडा. तिथे सेव्ह केलेलं नाव, फोटो आणि नंबर तिन्ही दिसतात. त्याचा एक स्क्रीनशॉट पहिल्या पानावर लावा आणि तोच नंबर फॉर्मवरही द्या. मध्ये नंबर बदलला असेल तर जुन्या आणि नव्या दोन्हींचे स्क्रीनशॉट लावून खाली एका वाक्यात सांगा.

नेमकं निवडायचं कसं? एखादं उदाहरण देता येईल का?

नमुन्यादाखल एक जोडपं घेऊ. ती कॅनडात, तो दुसऱ्या देशात. ऑगस्ट २०२० मध्ये ऑनलाइन ओळख. डिसेंबर २०२१ मध्ये ती पहिल्यांदा भेटायला आली. जानेवारी २०२३ मध्ये लग्न, तीन आठवड्यांनी ती परत. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसरी भेट. फेब्रुवारी २०२४ मध्ये अर्ज. संदेश पन्नास हजारांच्या वर.

त्यांनी आधी कागदावर ही साडेतीन वर्षं एका रेषेवर मांडली आणि तिच्यावर इतर कागदपत्रं ठेवली: तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, हॉलची पावती, पैसे पाठवल्याच्या नोंदी. मग प्रत्येक कागदाशेजारी त्या दिवसातलं संभाषण शोधलं. निवडीचा खरा निकष हाच आहे. ज्या संभाषणाला दुसरा एखादा कागद दुजोरा देतो ते वजनदार. नुसतं "तुझी फार आठवण येते" कुणीही कुणालाही कधीही लिहू शकतं. पण ३ डिसेंबरच्या रात्री त्याने विचारलंय, "बॅगेचं वजन केलंस का, मागच्या प्रवासात विमानतळावर सामान काढायला लावलं होतं," आणि तिचं बोर्डिंग पास ४ तारखेचं आहे, ही जोडी बनावट करणं अवघड असतं.

पहिल्या पानावर संपर्काची माहिती आणि ऑगस्ट २०२० मधले अगदी पहिले संदेश आले. तिथे औपचारिकपणा दिसतो, आणि तो दिसायलाच हवा. दुसऱ्यावर २०२१ मधला त्याच्या वडिलांच्या आजारपणाचा आठवडा, ज्यात ती रोज तब्येत विचारते आहे. तिसरं पान पहिल्या भेटीच्या आदल्या-दुसऱ्या दिवशीचं. चौथ्यावर २०२२ मधलं लग्नाचं बोलणं, त्यात दोघांनी कुठे राहायचं, त्याच्या नोकरीचं काय, तिच्या आईची काळजी कोण घेणार यावरची चर्चा. माझ्या मते दहा पानांतलं हे सर्वांत मोलाचं पान, कारण दुसऱ्या कसोटीचं उत्तर इथे आहे. पाचवं लग्नाच्या तयारीचं. सहावं ती परत गेल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याचं. सातवं २०२३ च्या मध्यावरचं अगदी साधं: भाडं, दातदुखी, ऑफिसातली कटकट. आठवं दुसऱ्या भेटीचं, नववं जानेवारी २०२४ मधलं आणि दहाव्यावर कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट.

प्रत्येक पानावर तीन स्क्रीनशॉट, वाचता येतील एवढे मोठे. खाली दोन ओळी, जसं "३ डिसेंबर २०२१. प्रवासाच्या आदल्या रात्रीचं संभाषण. विमानाचं तिकीट कागद क्र. ७ पाहा." हा मजकूर अर्थात इंग्रजीतच लिहायचा. त्यात भावनेचं वर्णन नको, फक्त तारीख, प्रसंग आणि जोडलेल्या कागदाचा क्रमांक.

मध्ये काही आठवडे बोलणंच दिसत नाही. ते लपवू का?

लपवू नका, सांगा. वरच्या जोडप्याचाही २०२२ च्या मे-जूनमधला सात आठवड्यांचा काळ रिकामा होता. त्याचा फोन बिघडला होता आणि ते दोघं दुसऱ्या ॲपवर व्हिडिओ कॉल करत होते. त्यांनी त्या ॲपच्या कॉल यादीचा एक स्क्रीनशॉट दहाव्या पानावर लावला आणि सोबतच्या पत्रात दोन वाक्यांत कारण लिहिलं. रिकामी जागा अधिकाऱ्याला तारखांवरून दिसतेच. कारण तुम्ही दिलं नाही तर त्याला स्वतः अंदाज करावा लागतो.

भांडणामुळे अबोला झाला होता? तेही लिहिता येतं. महिनाभर रुसलेलं जोडपं अधिकाऱ्याने पाहिलेलं असतं.

भांडणाचे संदेश द्यावेत का?

मुद्दाम शोधून लावायची गरज नाही. पण निवडलेल्या संभाषणात एखादी कुरबूर आली म्हणून ते पान काढून टाकू नका. दहाच्या दहा पानांवर नुसतं प्रेम असेल तर ती मांडामांड वाटते.

खासगी मजकूर आणि फोटोंचं काय?

शारीरिक जवळिकीचे संदेश आणि फोटो अजिबात देऊ नका. त्यांची गरज नसते, आणि एकदा अपलोड केलेलं परत घेता येत नाही. अशी ओळ नसलेला दुसरा दिवस निवडा. बँकेचा खाते क्रमांक, ओटीपी, तिसऱ्या माणसाच्या आजाराचा तपशील अशा गोष्टींवर काळी पट्टी चालते, पण ती ठळक असू द्या आणि खाली "खाते क्रमांक झाकला आहे" असं लिहा. संभाषणाच्या मधल्या ओळी गुपचूप कापून वरचा-खालचा भाग जोडणं मात्र कधीच नको. वेळेचा आकडा ९:४२ वरून थेट १०:१५ वर उडी मारतो आणि उत्तर प्रश्नाशी जुळत नाही, हे लक्षात यायला फार हुशारी लागत नाही.

अडचणीचा एखादा संदेश डिलीट केला किंवा बदलला तर?

कोणती पानं द्यायची हे तुम्ही ठरवता, त्यात गैर काही नाही. दिलेल्या पानावरचा एक शब्द जरी बदललात तर ती खोटी माहिती ठरते. कॅनडात त्यासाठी पाच वर्षं प्रवेशबंदी होऊ शकते, अमेरिकेत तर कायमची अडचण उभी राहू शकते. खरं नातं असलेल्या जोडप्याने चांगलं दिसावं म्हणून केलेली दुरुस्ती अर्जाला नात्यापेक्षा जास्त नडते.

जुना घटस्फोट, आधी नाकारलेला व्हिसा, बदललेला पत्ता अशी एखादी गोष्ट चॅटमध्ये असेल आणि फॉर्मवर नसेल, तर ती चॅटमधून घालवायची नसते, फॉर्मवर लिहायची असते.

आमच्या दोघांच्या फोनवर एकाच संदेशाची तारीख वेगळी दिसते. असं का?

ॲप ज्या फोनवर उघडलं त्या फोनच्या घड्याळानुसार वेळ दाखवतं. त्याच्याकडे ५ मार्चची सकाळ ६:३० असेल तेव्हा तिच्याकडे ४ मार्चची रात्र ८ असू शकते. म्हणून सगळे स्क्रीनशॉट एकाच फोनवरून काढा आणि पहिल्या पानावर लिहा की वेळा अमुक शहराच्या आहेत. दोघांच्या फोनमधली पानं मिसळली की तारखा मागेपुढे होतात आणि अर्जात नसलेली विसंगती उगाच तयार होते.

चॅट मराठीत आहे. सगळ्याचं भाषांतर लागेल?

दिलेल्या पानांवर जे इंग्रजीत नाही त्याचं लागेल (कॅनडात फ्रेंचही चालतं). रोमन लिपीतली मराठी आणि अर्धी मराठी-अर्धी इंग्रजी वाक्यंही त्यातच आली. कॅनडासाठी अर्जदार, प्रायोजक किंवा घरच्यांनी केलेलं भाषांतर चालत नाही, आणि मान्यताप्राप्त भाषांतरकार नसेल तर त्याचं शपथपत्र लागतं. अमेरिकेत भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे व आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने लिहून द्यावं लागतं. ब्रिटनला त्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्काचा तपशील हवा असतो.

निवड थोडी शहाणपणाने केली तर हे काम आटोक्यात राहतं. शब्द मोजून पैसे घेतले जातात, त्यामुळे आधी दहा पानं पक्की करा आणि मगच भाषांतराला द्या. ॲपची भाषा इंग्रजी ठेवून स्क्रीनशॉट काढा, म्हणजे तारखा आणि "मिस्ड कॉल"सारख्या ओळींचं भाषांतर वाचतं.

मराठीत मात्र एक खास खाच आहे आणि तिच्याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. आपण चुलत-मावस भावालाही "दादा" म्हणतो, शेजारच्या बाईंनाही "काकू". भाषांतरकाराने "दादाशी बोललो" याचं सरळ "भावाशी बोललो" केलं आणि फॉर्मवर तुम्ही एकुलते एक असाल, तर अधिकाऱ्याला वाटणार की कुणीतरी कुटुंबातला माणूस लपवला. भाषांतर हातात आलं की प्रत्येक नात्याचा शब्द फॉर्मवरच्या कुटुंबाच्या यादीशी ताडून पाहा. जिथे फरक पडतो तिथे भाषांतरकाराला टीप घालायला सांगा: चुलत भाऊ, आदराने दादा म्हणतात. "अहो"चंही तसंच. ते नाव नाही आणि "हॅलो"ही नाही, बायको नवऱ्याला ज्या शब्दाने हाक मारते तो शब्द आहे, एवढी टीप पुरते.

आम्ही लिहितच नाही, फक्त कॉल करतो किंवा व्हॉइस नोट पाठवतो.

मग कॉलची यादी हाच तुमचा मुख्य पुरावा. यादीतल्या एका नोंदीवर टॅप केलं की त्या दिवशीच्या कॉलची वेळ आणि लांबी दिसते. तीन-चार महिन्यांच्या अंतराने असे स्क्रीनशॉट घ्या. ॲप फार जुने कॉल ठेवेलच असं नाही, म्हणून अर्जाला वर्ष असलं तरी आजपासून महिन्याला एक काढत चला. व्हॉइस नोट ऐकायला कुणी बसत नाही. त्या नोटांची रांग तारखेसह दिसणारा एक स्क्रीनशॉट पुरे, आणि त्यांच्या आगेमागे जे दोन-चार शब्द लिहिलेले असतात ते त्यात येऊ द्या.

पीडीएफ कशी करायची?

तारखेच्या क्रमाने एकच फाइल, प्रत्येक पानाला क्रमांक, आणि प्रत्येक पानामागे त्याचं भाषांतर. पोर्टलची फाइलच्या आकाराची मर्यादा आधी पाहा. आकार कमी केल्यावर फाइल स्वतः उघडून फोनवर नाही तर संगणकावर वाचा. तारखेची पट्टी फिकट राखाडी असते, दाबलेल्या फाइलमध्ये सर्वांत आधी तीच पुसट होते.

अर्ज गेला. आता चॅट डिलीट केली तर चालेल?

नाही. निकाल यायला अनेक महिने जाऊ शकतात, आणि मध्ये ताजे पुरावे मागवले जाऊ शकतात किंवा मुलाखतीला बोलावलं जाऊ शकतं. मुलाखतीत दिलेल्या पानांवरचंच विचारतात: वडिलांना काय झालं होतं, लग्नाआधी कशावरून वाद झाला होता. म्हणून दिलेल्या फाइलची प्रत दोघांकडेही हवी आणि दोघांनीही ती वाचलेली हवी. फोन बदलायचा झाला तर आधी बॅकअप घ्या, नव्या फोनवर पहिले संदेश उघडतात का ते पाहा, आणि तोवर जुना फोन विकू नका.